रात्री साडेदहाला शिफ्ट सुटते आणि घर फाट्यापासून आत: बेळगावात नवीन इंटर्नशिपला लागलेल्या पोरींसाठी

बेळगावात इंटर्नशिप लागली, शिफ्ट दुपारी २ ते रात्री साडेदहा, आणि घर खानापूर तालुक्यात हायवे सोडून दीड-दोन किलोमीटर आत. अशा पोरी आता आमच्या भागात बऱ्याच झाल्यात आणि त्यातल्या दोघी-तिघींनी मला हेच विचारलं की तू कसं केलंस, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी स्वतः दीड वर्ष ह्याच रस्त्यानं रात्री आलेय-गेलेय, आणि गेल्या वर्षी माझी मावसबहीण उद्यमबागेतल्या एका ऑफिसात लागली तेव्हा तिचं सगळं मी बसवून दिलं. म्हणून खाली जे आहे ते खानापूर रस्त्याचं आहे, म्हणजे तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे, देसूर, गणेबैल असा. तुझं गाव उचगाव-तुरमुरीकडं असेल, कडोलीकडं असेल, सांबऱ्याकडं असेल तर गावांची नावं बदल, बाकी रीत तीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. घरचे सगळे बसला घाबरतात. "रात्रीची बस गं, नको बाई." पण बसमधे लाईट असते, कंडक्टर असतो, आणखी चार माणसं असतात. खरी भीती आहे ती दोन तुकड्यांची. एक, ऑफिसचं गेट ते बसस्टॉप. दुसरा, फाटा ते घराचं दार. पहिला पाच मिनिटांचा, दुसरा वीस मिनिटांचा, आणि ह्या पंचवीस मिनिटांत तू एकटी, अंधारात आणि पायी असतेस. सगळी तयारी ह्या दोन तुकड्यांसाठी करायची.

जॉईन व्हायच्या आधी एकदा रात्री जाऊन ये

दिवसा रस्ता बघून काहीच कळत नाही. बाबांना नाहीतर भावाला घेऊन आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी (रविवारी नको, रविवारी बसा कमी असतात) बरोब्बर तुझी शिफ्ट सुटेल त्या वेळेला ऑफिसच्या गेटवर उभी राहा आणि तिथून घरापर्यंत ये. येताना तीन गोष्टी बघ. कुठल्या खांबावरची लाईट बंद आहे, कुठलं दुकान किंवा मेडिकल त्या वेळेला उघडं असतं, आणि मोबाईलची रेंज कुठं जाते. उद्यमबागेत दिवसा एवढी वर्दळ असते पण कारखान्यांच्या शिफ्टा सुटल्यावर आतल्या गल्ल्या एकदम सुन्न होतात, कुत्री सोडून कोण नसतं. मावसबहिणीचं ऑफिस अशाच आतल्या गल्लीत होतं. मधली जवळची वाट चार मिनिटांची, मोठ्या रस्त्यानं गेलं तर नऊ मिनिटं. आम्ही नऊ मिनिटांची धरली, कारण त्या वाटेवर एका कारखान्याचं गेट आहे आणि तिथं रात्रभर वॉचमन बसतो. त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "काका, ही रोज ह्या वेळेला इथनं जाणार." एवढंच. त्यानंतर तो रोज उठून उभा राहायचा ती दिसली की.

आता बसचं. शेवटची बस कितीला हे सीबीटीच्या, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडच्या, चौकशी खिडकीवर विचार, आणि मग त्याच रूटच्या कंडक्टरलापण विचार, कारण कागदावरची वेळ आणि गाडी खरोखर येते ती वेळ ह्यात फरक असतो. आणि शेवटची बस ही तुझी बस धरायचीच नाही. तुझी बस म्हणजे शेवटून दुसरी. का, तर शेवटची गाडी कधी रद्द होते, कधी खच्चून भरलेली असते म्हणून मधल्या स्टॉपला थांबतच नाही, आणि ती गेली की मागं काहीच नाही. शिफ्ट सुटून शेवटून दुसरी बस मिळत नसेल तर सरळ अर्थ असा की बस हा तुझा घरी यायचा मार्ग नाही, ऑफिसला गाडी मागावी लागणार. हे महिन्याभरानं कळण्यापेक्षा पहिल्या आठवड्याआधी कळलेलं बरं.

बाहेरून नवीन आलेल्या पोरींसाठी, म्हणजे चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून आलेल्यांसाठी दोन गोष्टी. बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमधे असतात, त्यामुळं तुझ्या गावाचं नाव कन्नडमधे कसं दिसतं त्याचा फोटो काढून ठेव आणि चार-पाच दिवस बघत राहिलीस की आपोआप ओळखायला येतं. आणि एवढी तीन वाक्यं पाठ कर: "खानापुरक्क होगतैतेनरी?" म्हणजे खानापूरला जाते का, "लास्ट बस एष्टक्क ऐतरी?" म्हणजे शेवटची बस कितीला, "इल्ले निल्सरी" म्हणजे इथंच थांबवा. बेळगावात मराठी चालते सगळीकडं, पण रात्रीच्या गाडीवरचा ड्रायव्हर बागलकोट नाहीतर विजापूरकडचा असू शकतो, आणि त्याच्या भाषेत एक वाक्य बोललीस की तो गाडी दहा पावलं पुढं न नेता फाट्यावरच थांबवतो, हे मी अनुभवलंय. दुसरं, ११ जून २०२३ पासून चाललेली शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे, साध्या बसमधे. आधार किंवा तसलं ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. तुझ्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर तिकिटाचे पैसे भरावे लागतील, ते स्टायपेंडच्या हिशोबात धर.

आणि ते शून्याचं तिकीट मागून घे, फेकू नको. खूप पोरी कंडक्टर ओळखीचा झाला की तिकीट घेतच नाहीत. त्यावर तारीख असते, वेळ असते, कुठून कुठं ते असतं. पुढं कधी काही घडलं तर तू त्या रात्री त्या गाडीत होतीस ह्याचा सगळ्यात साधा पुरावा तोच. बसमधे बसल्यावर तिकिटाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा, दोन सेकंदाचं काम आहे.

लांबच्या गाड्यांना, म्हणजे गोव्याकडं वगैरे जाणाऱ्या, मधे फाट्यावर थांबायचं बंधन नसतं. चढताना आधी विचार, पैसे नंतर. मी एकदा न विचारता चढले आणि गाडी सरळ खानापूरच्या स्टँडवर जाऊन थांबली, रात्री सव्वाअकराला, मग बाबांना तिथनं न्यायला यावं लागलं.

ऑफिसला लेखी विचार, तोंडी नको

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच पोरी करत नाहीत, कारण वाटतं मी इंटर्न, मी कुठं मागू. कर्नाटकच्या दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या १९६१ च्या कायद्यात कलम २५ आहे, ते बाईमाणसाच्या रात्रीच्या कामाबद्दल आहे. रात्री ८ ते सकाळी ६ मधे काम करून घ्यायचं तर तिची लेखी संमती पाहिजे, आणि घरापासून ऑफिस आणि ऑफिसपासून घर अशी फुकट गाडी, पुरेशा सुरक्षेसकट, जीपीएस लावलेली. घरापासून म्हणजे घरापासून, चौकापासून नव्हे. कारखान्यात असशील तर कायदा वेगळा लागतो, तिथं एचआरला तुमच्याकडं रात्रीच्या बायकांसाठी काय नियम आहे असं विचार.

ऑफिस कदाचित म्हणेल की इंटर्नला हे नाही. मावसबहिणीला अगदी हेच म्हणाले. त्यावर वाद घालत बसायचं नाही, एवढंच लिहायचं की मग मला रात्री ८ नंतर थांबवू नका, माझी संमती नाही. संमती तुझ्या हातात आहे, आणि सही करायच्या आधीच तिची किंमत असते, नंतर नाही. जॉईनिंगच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो संमतीचा कागद मधेच कुठंतरी असतो, सगळ्यांवर सह्या करत सुटू नको.

तिनं जो मेल टाकला तो साधारण असा होता, तुझ्या भाषेत करून घे:

"माझी शिफ्ट रात्री साडेदहाला सुटते. माझं घर हायवेच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत आहे आणि त्या वेळेला तिथं बस किंवा रिक्षा नसते. मला घराच्या दारापर्यंत ड्रॉप मिळणार का, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव कुणाकडून कळेल, आणि गाडी आली नाही तर रात्री कुणाला फोन करायचा, हे कळवावं. हे कळल्यावर मी रात्रीच्या कामाची संमती देते."

चार ओळी. कुणावर आरोप नाही, नुसते प्रश्न. आणि शेवटच्या वाक्यामुळं उत्तर द्यावंच लागतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ड्रॉप मिळाला.

ऑफिसची गाडी मिळाली म्हणून निवांत होऊ नको

माझ्या इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट सांगते. गाडीत आम्ही चौघी, बाकीच्या तिघी टिळकवाडी, अनगोळ, मच्छे अशा उतरल्या आणि शेवटी मी एकटी. फाट्यावर आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "आत रस्ता खराब आहे, गाडी लागती खाली, इथंच उतरा मॅडम." पावसाळा होता, रस्ता खरंच खराब होता, मला त्याला नको म्हणता आलं नाही. उतरले. मोबाईल चार टक्के. अर्ध्या वाटेत एक बाईक मागून आली, पुढं गेली, आणि शंभर पावलांवर जाऊन लाईट बंद करून थांबली. मी तिथल्या तिथं शेजारच्या वस्तीवरच्या घराची कडी वाजवली, त्या घरातली म्हातारी मला ओळखत पण नव्हती, पण तिनं दार उघडलं, आत घेतलं, आणि तिच्या फोनवरून बाबांना फोन लावला. बाईक कुणाची होती, कशाला थांबली होती, कधीच कळलं नाही. कदाचित काहीच नसेल. पण त्या रात्री मला जे कळलं ते असं, की गाडी असून उपयोग नाही, ती कुठपर्यंत येते आणि तू कितवी उतरतेस ह्यावर सगळं आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी पिकअप-ड्रॉपचा क्रम विचार. बाईला पहिली घ्यायची आणि शेवटी एकटी सोडायची असं होऊ नये, ही रात्रीच्या गाड्यांची नेहमीची अट आहे. तुझं घर सगळ्यात लांब असेल तर क्रमानं तू शेवटचीच येणार, मग त्या गाडीत तुझ्यानंतर उतरणारा सिक्युरिटी गार्ड पाहिजे, तसं लिहून माग. आणि "दारापर्यंत" हा शब्द लेखी आण. मग ड्रायव्हर फाट्यावर थांबला की तुला भांडावं लागत नाही, एवढंच म्हणायचं, "अण्णा, शीटवर दारापर्यंत लिहिलंय, नाहीतर मी ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावते, तुम्हीच बोला." शांतपणे. ड्रायव्हर पण नोकरच असतो, त्याला पण कुणीतरी वरून सांगितलेलं लागतं. पावसाळ्यात रस्ता खरंच बंद असेल तर घरच्या कुणीतरी फाट्यावर यायचं आणि ते पोचल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. गाडीत बसून वाट बघायची.

गाडीत चढायच्या आधी, गेटवर सिक्युरिटी उभा असतानाच, तीन गोष्टी:

नंबर शीटवरच्या नंबराशी जुळतो का बघ, नंबरप्लेटचा फोटो काढून घरी टाक. दुसरी गाडी आली असेल, "ती बिघडली म्हणून ही आलीय" असं ड्रायव्हर म्हणत असेल, तर ऑफिसकडून फोनवर हो म्हणेपर्यंत चढू नको.

मागच्या दाराला चाइल्ड लॉक असतं, दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारा छोटा खटका. तो लावलेला असेल तर दार आतून उघडत नाही. आत बसलीस की एकदा दार लावून आतल्या हँडलनं उघडून बघ. उघडलं नाही तर बाहेरून दार उघडायला लावून लगेच खाली उतर आणि खटका काढायला सांग. कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर म्हण मला सवय आहे.

ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर नको, त्याच्या बरोब्बर मागच्या सीटवर बस, काच हाताशी येईल अशी. इयरफोन नको. झोप तर अजिबात नको, कितीही दमलीस तरी. ड्रायव्हरनं गाडी रोजच्या रस्त्यानं न नेता वळवली तर गप्प बसून अंदाज बांधत राहू नको, पहिल्याच वळणाला मोठ्यानं विचार आणि त्याच वेळी घरी फोन लावून बोलायला लाग की अमुक ठिकाणी आलोय, हा रस्ता का घेतला विचारतेय. बहुतेक वेळा पुढं ट्रॅफिक किंवा खोदाई असते. पण तुझा फोन चालू आहे हे त्याला कळलेलं असतं.

बसनंच यायचं असेल तर: मावसबहिणीची एक रात्र

तिची गाडी महिनाअखेरीला दोन-तीनदा आली नाही, त्या रात्री ती बसनं आली, तेव्हाचं सांगते, म्हणजे क्रम लक्षात येईल.

दहा वाजता तिनं फोन चार्जिंगला लावला, ऐंशी टक्क्यांच्या खाली फोन घेऊन निघायचं नाही हा आमचा नियम. छोटी पॉवर बँक बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. सव्वादहाला ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की गाडी येत नाही, तिनं त्याला म्हटलं हे मेसेजवर टाका. त्यानं टाकलं. साडेदहाला गेटवरच्या सिक्युरिटीच्या रजिस्टरमधे तिनं निघाल्याची वेळ लिहिली आणि पुढं "गाडी नाही, बसने" असंही लिहिलं. मग व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन एक तासासाठी चालू केलं. पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असे पर्याय येतात, पंधरा मिनिटांचं मधेच संपतं म्हणून एक तास. मावशीला आणि मला दोघींना.

मग नऊ मिनिटांचा मोठा रस्ता, वॉचमन काका, आणि स्टॉपवर ती मेडिकलच्या पायरीवर उभी राहिली, स्टॉपच्या अंधाऱ्या शेडमधे नाही. बस लांबून दिसली की पुढं यायचं, तोवर उजेडात. वडाप आली मधे एक, आत चार पुरुष आणि ड्रायव्हर, "बसा ताई खानापूर खानापूर" करत. ती नाही बसली. वडाप वाईट असते असं नाही, दिवसा आम्ही सगळे त्यातनंच जातो, पण रात्री वडापचा ड्रायव्हर कोण, आत बसलेले कोण, ती मधे कुठं वळणार काहीच नोंद नसते. आमचा नियम असा की आत आधीच दोन बायका बसलेल्या असतील तरच, आणि नंबरचा फोटो टाकून.

बस आली. ती पुढं, कंडक्टरला दिसेल अशा सीटवर बसली. तिकीट, फोटो. गणेबैलचा टोलनाका गेला की मावशीला एक मिस्ड कॉल. तो कॉल आला की मावशीचे यजमान, आमचे काका, घरातनं स्कूटर काढणार आणि बस फाट्यावर यायच्या आधी काका तिथं असणार. हा मिस्ड कॉल आम्ही मुद्दाम टोलनाक्यावर ठेवला, कारण तिथं रेंज पक्की असते आणि तिथनं फाट्यापर्यंत बसला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा काकांना कमी लागतो. तुझ्या रस्त्यावर अशी जागा तूच शोध: तिच्यापुढं बसला निदान दहा मिनिटं लागली पाहिजेत आणि घरच्या माणसाला त्याच्या निम्मी.

फाट्यावर उतरायच्या आधी खिडकीतनं बघायचं, काका दिसतात का. नाही दिसले तर उतरायचं नाही, पुढच्या मोठ्या स्टँडवर जायचं आणि तिथं बोलवून घ्यायचं. हे कंडक्टरला आधी सांगून ठेवलं तर तो समजून घेतो. एकदा काकांची स्कूटर सुरूच झाली नाही तेव्हा ती तशीच पुढं गेली होती.

घ्यायला यायला कुणीच नसेल, बाबा बाहेरगावी, भाऊ नाही, तर फाट्यावरनं एकटी चालत यायचं हा पर्यायच नाही असं धरून चाल. गल्लीतल्या एका भरवशाच्या रिक्षावाल्याशी महिन्याचं ठरव. आपल्याकडं मीटर कुणी टाकत नाही, म्हणून दर आधी बोलून घे आणि महिन्याला एकदम दे, रोज रात्री घासाघीस नको. फाट्याकडच्या दोघी-तिघी मिळून केलं तर परवडतं.

घरच्यांचं घड्याळ

लोकेशन शेअर केलं म्हणजे झालं असं नाही, ते कुणीतरी बघत असलं पाहिजे. घरी झोपलेल्या माणसाला लोकेशन पाठवून काय उपयोग. म्हणून एकच माणूस ठरव जो तू येईपर्यंत जागा राहणार, आणि भिंतीवर कागद लाव. मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला अजून लावलेला आहे, पेननं लिहिलेला: ११.२० पर्यंत मिस्ड कॉल नाही आला तर तिला फोन. लागला नाही तर ऑफिसच्या सिक्युरिटीला, कितीला निघाली. मग ड्रायव्हर नाहीतर ट्रान्सपोर्टवाला. ११.३५ पर्यंत कुठनंच कळलं नाही तर ११२. सगळे नंबर पुढं लिहिलेले, कारण मावशीला घाबरल्यावर फोनमधे नाव सापडत नाही.

आणि एक साधं वाक्य ठरवून ठेवा. तिचं होतं, "मांजराला दूध घातलं का?" त्यांच्याकडं मांजर नाही. हे वाक्य आलं म्हणजे मी अडचणीत आहे, प्रश्न विचारत बसू नका, माझं लोकेशन बघा आणि फोन लावा. सुदैवानं कधी वापरावं लागलं नाही.

काही बिघडलंच तर

कुणी मागं लागलंय असं वाटलं तर घराकडं जायचं नाही, त्याला तुझं घर कशाला दाखवायचं. उजेड आणि माणसं असतील तिकडं: पेट्रोल पंप, टोलनाका, दवाखान्याचं कॅज्युअल्टी, पोलीस चौकी. बसमधे असशील तर उतरूच नको.

११२ ला फोन लावल्यावर पहिलं वाक्य जागेचं, नावाचं नंतर. "बेळगाव-खानापूर रस्ता, अमुक फाटा, खानापूरच्या बाजूला." आपल्या सीमेवर हे जास्तच महत्त्वाचं, कारण बाची-शिनोळीकडं मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो कधी पलीकडचा, आणि फोन महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला लागू शकतो. राज्य, तालुका आणि गाव तिन्ही सांग. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधे पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, सेटिंगमधे आधी चालू आहे का बघून ठेव. हायवेवर गाडी बंद पडली, अपघात झाला तर १०३३, आणि बायकांसाठीची हेल्पलाईन १८१.

घडलं शिनोळीच्या पलीकडं आणि तू बेळगावात पोचलीस, किंवा उलटं, तर "ही आमची हद्द नाही" असं सांगून कुठलंही पोलीस ठाणं तुला परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर म्हणायचं, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि पुढं तेच योग्य ठाण्याकडं पाठवतात. नवीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधे हे स्पष्ट आहे. हा कलमाचा नंबर फोनच्या नोट्समधे लिहून ठेव.

आणि ऑफिसच्या गाडीत काही झालं, ड्रायव्हर किंवा सोबतचा कुणी काही बोलला, हात लावला, तर ते ऑफिसात घडल्यासारखंच धरलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ऑफिसनं दिलेली गाडी हे कामाचं ठिकाण आहे, आणि ट्रेनी पण कर्मचारी धरलेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. ऑफिस लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. "तू इंटर्न आहेस, सोड ना" हे उत्तर चालत नाही.

स्कूटी घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडंसं

मला विचारशील तर रात्री हायवेवर एकटीनं स्कूटी नको, पण काहींना दुसरा मार्गच नसतो. माणसांइतकीच भीती ऊसाच्या ट्रॉल्यांची आहे. गाळप हंगामात, दिवाळीनंतर मार्चपर्यंत, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागं लाल लाईट नसते, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून गाडीची लाईट डोळ्यावर आली की पुढची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. म्हणून त्या महिन्यांत स्पीड चाळीसच्या वर नको आणि समोर नुसता काळोखाचा ठोकळा वाटला तरी आधी ब्रेक. टायर ट्यूबलेस करून घे. पंक्चर झाली तर अंधारात उतरून बघत बसू नको, हळूहळू तशीच चालवत पुढच्या उजेडापर्यंत जा, रिम खराब झाली तर होऊ दे.

झोपायची दुसरी जागा

बस गेली, गाडी नाही, काका आजारी, पाऊस कोसळतोय. अशी रात्र वर्षातनं चार-पाच वेळा येतेच. त्या रात्री काय करायचं हे त्या रात्री ठरवायचं नाही. टिळकवाडीत, शहापुरात, कुठंतरी ओळखीच्या बाईचं घर, मैत्रिणीची पीजी, आत्याचं घर, अशी एक जागा आधी बोलून ठेव, आणि तिथं एक कपड्याचा जोड, ब्रश, पॅड, जुना चार्जर ठेव. पीजी असेल तर तिथल्या काकूंना विचारून घे, रात्री किती वाजेपर्यंत दार उघडतात आणि एका रात्रीचे किती घेतात. मावसबहिणीला तिच्या टीममधल्या एका ताईनं स्वतःहून सांगितलं होतं, "माझ्याकडं ये गं, लाजू नको," आणि ती तीनदा तिथं झोपली.

शेवटचं, एक वही ठेव. तारीख, गाडी आली का, किती उशिरा, कुठपर्यंत सोडलं. मावसबहिणीनं पाच आठवड्यांचं लिहिलं होतं आणि ते बघितल्यावर दिसलं की गाडी न येणं नेहमी महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांतच होतंय. तिनं वहीचा फोटो आणि ट्रान्सपोर्टवाल्याचे मेसेज एकत्र करून मेल केला. त्यानंतर महिनाअखेरीला तिची शिफ्ट दुपारी १२ ते रात्री साडेआठ करून दिली, आणि त्या वेळेला खानापूरला भरपूर बसा असतात.